‘मल्टिप्लेयर एकदा केलं की सगळं आलं’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर

«मल्टिप्लेयर एकदा बनवलं की बाकी सगळं त्यातच येतं. स्प्लिट-स्क्रीन म्हणजे दोन कॅमेरे, ऑनलाइन को-ऑप म्हणजे तेच पण नेटवरून, आणि चालू गेममध्ये मधेच घुसणं म्हणजे एक बटण. कंपन्या स्प्लिट-स्क्रीन काढतात ते फक्त प्रत्येकाला वेगळी कॉपी विकायला.»

कॅमेऱ्यांपासून सुरुवात करू. स्प्लिट-स्क्रीनमध्ये एकाच टीव्हीचे दोन भाग करून दोघे खेळतात, म्हणून दोन कॅमेरे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात १६.७ मिलिसेकंद. समजा, त्यातले ६ खेळाच्या हिशेबात जातात: कोण कुठे उभं आहे, शत्रू काय करतोय, काय फुटलं. आणखी ८ जातात कॅमेऱ्याला काय दिसतंय ते ठरवून ग्राफिक्स चिपला सूचना द्यायला. १४ झाले, बसलं. आता दुसरा कॅमेरा लावा. जग एकच असल्यामुळे हिशेबाचे ६ तसेच राहतात, पण सूचनांचे ८ चे १६ होतात. एकूण २२. ६० फ्रेम गेल्या, आणि साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीशी ठेका जुळवायचा तर थेट ३० वर यावं लागतं. (खऱ्या इंजिनात ही कामं वेगवेगळ्या कोअरवर वाटलेली असतात, पण ओझं वाढतं ते असंच.) अर्ध्या स्क्रीनला निम्मंच काम लागतं हे फक्त पिक्सेलपुरतं खरं आहे.

त्याहून मोठी अडचण मेमरीची. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये एक खेळाडू शहराच्या एका टोकाला आणि दुसरा भलतीकडेच जाऊ शकतो. मग दोन्हीकडच्या भिंती, माणसं, कपडे, टेक्स्चर एकाच वेळी मेमरीत हवेत. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, सिरीज एसमध्ये १०. गेम बनवणाऱ्या लॅरियनचं गाडं अडलं ते सिरीज एसवरच, आणि मायक्रोसॉफ्टला दोन्ही एक्सबॉक्सवर सोयी सारख्याच हव्या होत्या. ‘ग्राफिक्स कमी करा की’ हा सल्ला इथे फारसा चालत नाही. रिझोल्यूशन उतरवलं तर चित्राचे बफर लहान होतात, पण दोन ठिकाणचं जग लोड करावं लागतं ते लागतंच. पीसीवर गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला, पीएस५ वर सप्टेंबरमध्ये. एक्सबॉक्सला डिसेंबर उजाडला, तोही सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीन नसण्याची सूट मिळाल्यावर. ती सोय तिथे पोचली थेट एप्रिल २०२५ मध्ये, आठव्या पॅचबरोबर.

आता ‘तेच पण नेटवरून’, म्हणजे एकाच बाजूने मिळून खेळायचा ऑनलाइन को-ऑप. ऑनलाइनमध्ये वर सांगितलेला त्रास जवळजवळ नाहीसाच होतो, कारण प्रत्येक मशीन आपापलं एकच दृश्य काढतं. त्याच्या जागी वेगळंच दुखणं येतं. स्प्लिट-स्क्रीनमध्ये दोघांनी एकाच औषधाच्या पेटीवर झडप घातली तर निर्णय एकाच मेमरीत, त्याच फ्रेममध्ये होतो. ऑनलाइनमध्ये जगाच्या दोन प्रती असतात आणि त्या कधीच तंतोतंत एका क्षणी नसतात. समजा तुम्ही मुंबईत आणि सर्व्हर, म्हणजे शेवटचा निर्णय देणारं मशीन, सिंगापूरला. हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा झाली. केबलची वळणं आणि राउटर धरून प्रत्यक्षात जास्तच. म्हणजे तुम्ही बटण दाबल्यापासून सर्व्हरचा होकार येईपर्यंत दोनहून अधिक फ्रेम उलटलेल्या असतात.

तेवढा वेळ खेळाडूला थांबवलं तर हालचाल चिखलातून चालल्यासारखी वाटते. म्हणून तुमचं मशीन होकार गृहीत धरून पुढे जातं. पेटी तुमच्या हातात दिसते, आणि मग सर्व्हर सांगतो की ती मित्राने आधीच उचलली. आता दिलेलं परत काढून घ्यायचं, तेही डोळ्यांत न खुपता. चालता चालता पात्र अचानक मागे ओढलं जातं, ज्याला खेळाडू रबरबँडिंग म्हणतात, ते अशाच चुकलेल्या अंदाजाची दुरुस्ती असते. को-ऑपमध्ये इथे एक मोकळीक मात्र मिळते. समोर राक्षस आहे, माणूस नाही. ‘माझ्या स्क्रीनवर गोळी लागली’ हे खेळाडूच्या मशीनचं म्हणणं सर्व्हरने मान्य केलं तर कोणाचंच नुकसान नाही. स्पर्धेच्या गेममध्ये इतका भाबडा विश्वास टाकला तर चीटर लोकांचं फावतं. त्यामुळे एकाच गेममधली ‘ऑनलाइन’ बाजूसुद्धा मोडनुसार वेगळी लिहावी लागते.

डिझाइनही बदलतं. सोफ्यावर ‘तो बघ, तिकडे, त्या भिंतीवर’ म्हणून बोट दाखवलं की काम झालं, शिवाय जोडीदाराची अर्धी स्क्रीन समोरच असते. दूर बसलेल्याला ते कसं दाखवायचं? ‘पोर्टल २’ (२०११) ने त्यासाठी जागेवर खूण करायचं साधन दिलं आणि जोडीदाराला काय दिसतंय ते छोट्या चौकटीत पाहायची सोय केली. हे नसतं तर त्यातली कोडी नेटवरून सोडवताना डोकं फिरलं असतं.

राहिलं ‘एक बटण’. तिन्हींत सगळ्यात कमी लेखलं जातं ते हेच. समजा दोघे तासभर खेळले, एक पूल उडवला, एक दार उघडलं. दार उघडलं तेव्हा नेटवर निरोप गेला: ‘दार उघड’. दोघांनाही मिळाला, दोघांकडे दार उघडलं. आता तिसरा आला. तो निरोप गेला तेव्हा तो नव्हताच. त्याच्या स्क्रीनवर दार बंद आहे, आणि त्यातून बाकीचे दोघे आरपार चालताहेत. किंवा उलटं: त्याला पूल दिसतो, त्यावर पाऊल ठेवलं की तो हवेतून खाली. असा बग दिसला की ओळखावं, टीमने घटना पाठवल्यात, स्थिती नाही. इलाज म्हणजे जगातली प्रत्येक बदलू शकणारी गोष्ट ‘आत्ता कशी आहे’ हे कोणत्याही क्षणी सांगता आलं पाहिजे. हे शेवटी चिकटवायचं म्हटलं तर प्रत्येक दार, लिफ्ट आणि अर्धवट संवाद पुन्हा उघडून बघावा लागतो.

‘फॅक्टोरिओ’त तर आणखी पंचाईत. तिथे कारखान्यातल्या हजारो वस्तूंची स्थिती नेटवरून जातच नाही. फक्त खेळाडूंच्या कृती जातात आणि प्रत्येक मशीन सेकंदाला ६० वेळा तोच हिशेब स्वतः करतं. नवा माणूस आला की सर्व्हर नकाशा सेव्ह करतो, अख्खी फाइल त्याला पाठवतो. ती उतरेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो, म्हणून त्याचं मशीन साठलेल्या कृती भराभर चालवून बाकीच्यांना गाठतं. संगणक मंद असेल तर गाठतागाठता दम लागतो. दोन मशीनच्या हिशेबात जरा फरक पडला की डिसिंक, म्हणजे दोघांची जगं वेगळी, आणि नकाशा पुन्हा उतरवायचा.

‘लेफ्ट फोर डेड’ने (२००८) डिझाइनमधूनच वाट काढली. त्यात जिवंत उरलेली पात्रं कायम चारच. माणूस गेला की संगणकाने चालवलेला बॉट त्याची जागा घेतो, नवा आला की बॉटच्या अंगात शिरतो. त्यामुळे नव्याला कुठे उभं करायचं, हातात काय द्यायचं, हे प्रश्नच उरत नाहीत. ज्या गेममध्ये दोन माणसांची ठरलेली गोष्ट आहे, तिथे ही युक्ती कशी बसवणार?

शेवटी कॉप्यांचा मुद्दा. पैशाचा विचार कंपन्या करतात, यात वाद नाही. ‘हेलो इन्फिनिट’च्या कॅम्पेनची, म्हणजे कथेच्या भागाची, स्प्लिट-स्क्रीन २०२२ मध्ये रद्द झाली, आणि खेळाडूंनी पळवाट काढून ती चालू करून दाखवली, तेव्हा संताप समजण्यासारखा होता. पण पळवाटेने चालणं वेगळं आणि सगळ्या कन्सोलवर, सगळ्या मिशनमध्ये न कोसळता चालेल याची हमी देणं वेगळं. त्या हमीला महिने लागतात, आणि ते महिने कशावर घालवायचे हा निर्णय पैशाचा असतो. लबाडीचा असेलच असं नाही. लॅरियनला कॉप्याच वाढवायच्या असत्या तर एक्सबॉक्सच्या खपावर तीन महिने पाणी कशाला सोडलं असतं? आणि ‘इट टेक्स टू’ (२०२१) बघा. ऑनलाइन खेळतानाही स्क्रीन दुभंगलेलीच राहते, म्हणजे दोन दृश्यांचा खर्चही आहे आणि नेटचाही. तरी फ्रेंड्स पासमुळे दोघांत एकच कॉपी पुरते.