अभिनंदन विदर्भ! आणि 37 धावांच्या आघाडीबद्दल थोडंसं

आपल्या पोट्ट्यांनी 2024-25 ची रणजी ट्रॉफी जिंकली. तिसऱ्यांदा, आणि तीही घरच्या जामठ्याच्या मैदानावर. अक्षय वाडकर, प्रशिक्षक उस्मान गनी आणि संपूर्ण संघाचं मनापासून अभिनंदन!

कालपासून एकच ऐकतोय, "मॅच तर ड्रॉ झाली, मग जिंकले कसे?" नियम साधा आहे. रणजीची फायनल अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता. आपले 379, केरळचे 342. पण हे 37 रन म्हणजे तांत्रिक विजय, हे मला अजिबात मान्य नाही.

पहिली सकाळ आठवा. टॉस जिंकून केरळनं आपल्याला बॅटिंग दिली आणि बघता बघता 3 बाद 24. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावा जोडल्या. दानिशचे 153, करुण 86 वर रनआउट. आघाडीची खरी पायाभरणी तिथे झाली.

केरळकडून आदित्य सरवटेनं 79 काढले. आपल्या आधीच्या दोन्ही विजेतेपदांतला आपलाच माणूस, यंदा समोर होता; जीवाला लागलं, पण खेळला मस्त. मग सचिन बेबी. 98 वर होता आणि आघाडी केरळच्या हातात दिसत होती. पार्थ रेखाडेला त्यानं उंच फटका मारला आणि डीप मिडविकेटला करुणनं झेल घेतला. माझ्या मते ट्रॉफी त्या झेलातच आली. शेपूट फार टिकलं नाही.

आघाडी मिळाली की गणित बदलतं. केरळला आता मॅच जिंकावीच लागणार होती. आपल्याला फक्त वेळ काढायचा होता. पण त्यासाठी विकेट टिकायला हव्यात, आणि दुसऱ्या डावात आपण 2 बाद 7! तेव्हा लवकर गुंडाळले गेलो असतो तर केरळला लहान लक्ष्य आणि भरपूर वेळ मिळाला असता. पुन्हा तीच जोडी उभी राहिली, 182 ची भागीदारी. 31 वर करुणचा झेल सुटला, हे मान्य करायलाच हवं. त्यानंतर त्यानं 135 केले. शतक झाल्यावर ड्रेसिंग रूमकडे बघून नऊ बोटं दाखवली, मोसमातलं नववं शतक! पाचव्या दिवशी 9 बाद 375 वर हात मिळवले गेले तेव्हा केरळकडे पाठलाग करायला वेळच उरला नव्हता.

आणि हर्ष दुबे! मोसमात 69 बळी, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. डावखुरा फिरकीपटू, आपल्याच मातीतला. गेल्या वर्षी वानखेडेवर मुंबईनं फायनलमध्ये हरवलं होतं. यंदा सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईला 80 धावांनी घरी पाठवलं.

जामठ्याला गेलेल्यांनी आपले फोटो खाली टाका रे!