अंगठे चार, कागद शून्य

आमच्या टीमच्या ग्रुपवर अकरा माणसं आहेत. दरवर्षी एचआरला प्रत्येकाकडून तीन कागद लागतात: सही केलेलं गोपनीयतेचं हमीपत्र, ओळखपत्राची प्रत आणि पदवी प्रमाणपत्राची प्रत. ते गोळा करून शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर चढवणं हे टीम लीडचं काम, म्हणजे माझं.

पहिला मेसेज मी आदल्या आठवड्यात, रात्री पावणेबाराला पाठवला. "सर्वांना नम्र स्मरण. ज्यांची कागदपत्रं बाकी आहेत त्यांनी ती लवकरात लवकर जमा करावीत, ही विनंती." सकाळी पाहिलं तर दहाही जणांनी वाचलेला होता. कागद एकही आला नव्हता. अंगठे चार आले होते.

पूर्वी कागदावर अंगठा उठवला की माणूस जन्मभरासाठी बांधला जायचा. ग्रुपवर अंगठा उठवला की तो सुटतो. त्या अंगठ्याचा अर्थ 'पाठवलं' असा असतो, की 'पाठवतो', की नुसतंच 'तुम्ही जिवंत आहात हे कळलं', हे मला आजवर उलगडलेलं नाही. विचारायचीही सोय नाही, कारण अंगठा देणारा निदान अंगठा तरी देतो. बाकीच्या सहा जणांपुढे तो सज्जनच.

मग दुसरा मेसेज गेला: "पुन्हा एकदा आठवण." तिसऱ्यात तीन उद्गारचिन्हं होती. त्यावर एकाने विचारलं, "कोणती कागदपत्रं?" आणि दुसऱ्याने घाबरून स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो सरळ ग्रुपवरच टाकला, तोही उलटा. त्याचा ओळख क्रमांक वाचायला दहा जणांनी माना वाकड्या केल्या. मी त्याला तो काढायला लावला. म्हणजे तीन मेसेजांची कमाई अशी, की एक कागद आला होता आणि तोही मी परत पाठवला.

१९६८ साली डार्ली आणि लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावल्या आणि मधेच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के लोक झटक्याचा आवाज थांबायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. माणसाचा जीव चाललाय असं वाटूनही ही कथा, तर माझ्या हमीपत्रासाठी कोण धावणार? 'ज्यांची बाकी आहेत त्यांनी' असं लिहिलं, की वाचणाऱ्याला ते दुसऱ्याला उद्देशून वाटतं. तीनपैकी दोन कागद देऊन झालेला तर स्वतःला ऋणमुक्तच समजतो.

म्हणून सोमवारी रात्री चौथा मेसेज लिहायच्या ऐवजी आधी यादी करायला बसलो. तासभर लागला आणि त्या तासात माझी पुरती शोभा झाली. तिघांचे तीनही कागद केव्हाच आलेले होते. एकीने सुट्टीच्या अर्जाच्या जुन्या मेलमागेच ते जोडले होते. दुसऱ्याच्या फाइलचं नाव scan0003.pdf होतं, त्यामुळे ती कुणाची हे उघडल्याशिवाय कळत नव्हतं. कागद देऊन बसलेल्या या माणसांना मी तीनदा हटकलं होतं. त्यांचं मौन म्हणजे आळस नव्हता, राग होता. उरले आठ. त्यात आठवा मी. माझं स्वतःचंच हमीपत्र गेलेलं नव्हतं. लॅपटॉपवर गेल्या वर्षीचा फॉर्म सापडला, तो भरला, सही ठोकली आणि फोल्डरमध्ये सरकवला. यादीतलं नाव मात्र तसंच ठेवलं. आठ जणांत लीडही असला की बाकीच्यांना चारचौघांत उभं केल्यासारखं वाटत नाही.

नवा मेसेज मंगळवारी सकाळी सव्वादहाला गेला. त्या वेळी माणसं लॅपटॉपपुढे असतात आणि कागदही तिथेच असतात. रात्री पावणेबाराला फक्त अंगठा जागा असतो. मेसेज असा होता:

"खाली ज्यांची नावं आहेत त्यांचेच कागद माझ्याकडे नाहीत. बाकीच्या तिघांचे मिळाले, धन्यवाद, आणि उगाच आठवण केली त्याबद्दल माफी. प्रत्येक नावापुढे नेमका कोणता कागद हवा ते लिहिलं आहे. यादीत मीही आहे. कागद सोबतच्या फोल्डरमध्ये टाका, ग्रुपवर नको. पोर्टल शुक्रवारी पाचला बंद होतं आणि चुका निस्तरायला मला एक दिवस लागतो, म्हणून गुरुवार दुपारी तीनपर्यंत. आत्ता फक्त एक आकडा पाठवा. १: टाकला. २: टाकणार, पुढे वार लिहा. ३: अडलंय. ३ असेल तर कारण इथे लिहू नका, मी फोन करतो. आधीच पाठवला असेल आणि माझ्याकडून निसटला असेल, तर तसं सांगा."

चौथ्या मिनिटाला पहिलं उत्तर आलं: "२, बुधवार." तासाभरात सातपैकी सहा जणांचे आकडे आले. कारण उघड होतं. आधी उत्तर द्यायचं म्हणजे कागद शोधा, सबब रचा, वाक्य जुळवा. आता एक आकडा टाकला की झालं, आणि तो टाकायला गप्प बसण्यापेक्षाही कमी कष्ट.

खरी गंमत ३ मध्ये होती. ३ दोघींचा आला. एकीचं प्रमाणपत्र बँकेच्या लॉकरमध्ये होतं. त्याची जुनी स्कॅन केलेली प्रत तिच्याच मेलमध्ये निघाली. दुसरीचं लग्नानंतर नाव बदललेलं, त्यामुळे पदवीवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं. हमीपत्रावर कोणतं लिहायचं या एका प्रश्नावर ती आठवडाभर अडून होती, आणि माझ्या 'लवकरात लवकर'मध्ये असं काही विचारायला फटच नव्हती. एचआरने एका ओळीत सांगितलं: ओळखपत्रावरचं नाव. तिचा कागद दहा मिनिटांत आला.

सातवा गप्पच होता. एकट्या माणसाचं नाव ग्रुपवर लटकवलं की तो कागद देतो, पण वर्षभर डूख धरतो. म्हणून त्याला फोन केला.

"मी अंगठा दिला होता ना, सर."

"त्याचा अर्थ काय होता?"

तो जरा थांबला. "मेसेज चांगला लिहिला होता तुम्ही."

बुधवारी पुन्हा ग्रुपवर 'आठवण' टाकायला हात शिवशिवत होते, पण आवरलं. ज्याने बुधवार म्हटलं होतं, त्याला एकट्याला चार वाजता लिहिलं: "आज बुधवार ना?" वार त्याचाच होता, मी फक्त परत केला. साडेचारला फाइल आली, आणि तिला चक्क त्याचं नाव होतं.

गुरुवारी तीनला सगळ्यांचे कागद फोल्डरमध्ये होते. शुक्रवारी सकाळी ते पोर्टलवर चढवले आणि एचआरच्या मॅडमना तसं कळवताना आमच्या आकड्यांची युक्तीही जरा ऐटीत सांगितली. दुपारी बाराला त्यांचा मेल आला.

"अकरापैकी दहा जणांचे कागद बरोबर आहेत. एक हमीपत्र गेल्या वर्षीच्या नमुन्यावर आहे, ते तुमचंच. कृपया आकडा कळवा: १, २ की ३?"

मी लिहिलं, "२, आज." आणि त्यांच्याकडून लगेच अंगठा आला.