तिन्ही मध्यबिंदू एका रेषेत? वहीवर जोडून बघा

‘मेनेलॉसचा शॉर्टकट: त्रिकोणाच्या बाजूंवरच्या तीन बिंदूंच्या गुणोत्तरांचा गुणाकार १ आला की बिंदू एकरेषीय. आकृती नको. गुणोत्तरं कशीही घ्या. सेवाचं सूत्रही हेच.’

बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत जसाच्या तसा उतरलेला दिसला, म्हणून हे लिहितोय.

तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू घ्या. प्रत्येक गुणोत्तर १, गुणाकारही १. ते जोडले तर आत छोटा त्रिकोण होतो, रेषा नाही! आणि ती होणारही नाही. शिरोबिंदूतून न जाणारी रेषा एका बाजूने त्रिकोणात शिरली की दुसऱ्या एकाच बाजूने बाहेर पडते. मोरिट्झ पाश यांनी १८८२ मध्ये हे भूमितीचं गृहीतक म्हणून मांडलं. तिसऱ्या बाजूला ती गाठते ती बाजू वाढवल्यावरच. म्हणजे छेदिकेचे एक किंवा तिन्ही छेदनबिंदू वाढवलेल्या बाजूंवर असतात.

आता A(०,०), B(६,०), C(०,६) घ्या. AB वर F(२,०), म्हणून AF/FB = १/२. CA वर E(०,३), म्हणून CE/EA = १. गुणाकार १ यायला BD/DC = २ हवं. पण BC रेषेवर असे दोन बिंदू आहेत: बाजूच्या आत (२,४) आणि C च्या पलीकडे (−६,१२). E, F मधून जाणारी रेषा y = ३ − (३/२)x. तिच्यात x = −६ घातलं की y = १२ येतं, x = २ घातलं की ०. म्हणजे एकरेषीय फक्त बाहेरचा बिंदू.

सिद्धतेत चूक नेमकी इथेच होते. EF रेषा BC ला D′ मध्ये छेदते, मेनेलॉसने BD′/D′C = BD/DC, ‘म्हणून D आणि D′ एकच’ असं लिहितात. दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर आहेत हे दाखवल्याशिवाय ते ‘म्हणून’ चालत नाही. ते दाखवायचं नसेल तर चिन्हं घ्या: बिंदू बाजूच्या आत असेल तर गुणोत्तर धन, बाहेर असेल तर ऋण. मग अट अशी:

AF/FB × BD/DC × CE/EA = −१

चिन्हं घेतली तर आकृतीवाचून चालतं, एवढं त्या मेसेजचं मान्य करावं लागेल. सेवाबद्दलही अर्धं खरं आहे, आकडा तोच येतो. पण तिथे +१ लागतो आणि निष्कर्ष वेगळा निघतो: D(२,४) घेतला तर AD, BE, CF या तीन रेषा (१.२, २.४) मध्ये मिळतात.

‘कशीही घ्या’ मात्र साफ चूक. A पासून B, C करत पुन्हा A कडे फिरूनच गुणोत्तरं लिहायची. D(−६,१२) साठी AF/FB ऐवजी FB/AF घेतलं तर गुणाकार −४ येतो, बिंदू एकरेषीय असूनही.