उशी फेकून देण्याआधी भिंतीला पाठ लावून पाहा

"सकाळी उठल्यावर पाठ आणि मान आखडते? गादी आणि उशी आजच काढून टाका. कडक फरशीवर, उशीशिवाय, उताणे झोपा. मणका सरळ रेषेत येतो. सुरुवातीला दुखेल, पण ते दुखणे म्हणजे मणका जागेवर येत असल्याची खूण आहे. उठल्याउठल्या वाकून पायाचे अंगठे धरा. सात दिवसांत आखडणे कायमचे बंद. हे सर्वांना पाठवा."

हा मजकूर माझ्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर पाठवला आणि माझ्या अडुसष्ट वर्षांच्या आईने तो अकरा रात्री निष्ठेने पाळला. मला कळले ते बाराव्या दिवशी, तिच्या उजव्या अंगठ्यात आणि तर्जनीत मुंग्या येऊ लागल्यावर. तोपर्यंत तिने कोणालाच काही सांगितले नव्हते, कारण दुखणे हीच बरे होण्याची खूण आहे असे तिला लेखी मिळाले होते. म्हणून या मजकुरातील इतर चुकांपेक्षा मला त्या एका वाक्याचा राग अधिक आहे. दुखणे म्हणजे थांबण्याची सूचना असते. तिलाच प्रगतीची खूण ठरवले की माणसाजवळ थांबण्याचे कारणच उरत नाही.

आधी 'सरळ रेषे'कडे पाहू, कारण बाकी सगळी इमारत तिच्यावर उभी आहे. पाठीचा कणा समोरून पाहिला तर साधारण सरळ दिसतो, पण बाजूने पाहिला तर तो सरळ नसतो आणि असूही नये. मानेत आणि कमरेत त्याला पुढच्या बाजूस बाक असतो, तर छातीच्या मागे तो मागच्या बाजूस फुगलेला असतो. सपाट, कडक पृष्ठभागावर उताणे पडले की शरीर टेकते ते पाठीच्या या फुगलेल्या भागावर, नितंबांवर आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. मान आणि कंबर अधांतरी राहतात. फरशी त्यांना सरळ करत नाही, केवळ आधार देत नाही.

वय वाढते तसा छातीमागचा बाक बहुतेकांचा वाढतो आणि इथेच उशीशिवाय झोपणे त्रासाचे ठरते. पाठीचा वरचा भाग जितका वाकलेला, तितके उताणे झोपल्यावर डोके फरशीपासून वर राहते. उशी नसेल तर ते अंतर मानेलाच भरून काढावे लागते, म्हणजे मान मागे कलते आणि हनुवटी छताकडे वर जाते. मान मागे कलली की मानेच्या मणक्यांमधून नसा बाहेर पडतात त्या फटी अरुंद होतात. वयोमानाने तिथे आधीच थोडी झीज झालेली असेल, तर रात्रभर त्या स्थितीत राहिल्यावर हाताला मुंग्या येणे यात आश्चर्य नाही.

आईच्या बाबतीत हे मोजून पाहता आले. तिला भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, मान न ताणता, नेहमीसारखे समोर पाहत उभे केले. डोक्याची मागची बाजू आणि भिंत यांत सहा सेंटीमीटर अंतर राहिले. फरशीवर रोज रात्री तिची मान हेच सहा सेंटीमीटर मागे झुकून भरून काढत होती. गादीवर पाठ थोडी रुतते, म्हणून तिथे डोक्याखाली त्याहून थोडी कमी, सुमारे पाच सेंटीमीटर उंची पुरेल असा अंदाज केला आणि नवी उशी न घेता टॉवेलच्या घड्या रचून पाहिले. ती उताणी झोपली असताना बाजूने फोटो काढला. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत असतील किंवा हनुवटी किंचित खाली असेल, तर उंची ठीक. हनुवटी वर असेल तर उंची कमी. ती छातीकडे दबली असेल तर जास्त. एक घडी कमी, एक घडी जास्त असे करत दहा मिनिटांत उत्तर मिळाले.

पण आई अर्धी रात्र कुशीवर झोपते आणि कुशीवरचे गणित वेगळे आहे. तिथे उशीने खांदा आणि डोक्याची बाजू यांमधील पोकळी भरायची असते. तिचे ते अंतर तेरा सेंटीमीटर निघाले, गादीत खांदा सुमारे तीन सेंटीमीटर रुततो, म्हणजे दहा सेंटीमीटर उंची हवी. उताणे झोपताना लागणाऱ्या उंचीच्या ही बरोबर दुप्पट आहे. एकच उशी सगळ्यांना का चालत नाही, आणि एकाच माणसाला दोन्ही स्थितींत का पुरत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. तिच्यासाठी मधोमध कमी उंचीचा आणि दोन्ही कडांना उंच असा थर रचला, म्हणजे झोपेत वळले तरी डोके योग्य उंचीवर जाते. मात्र उंची मोजायची ती डोके ठेवल्यानंतरची. दुकानात फुगलेली दिसणारी मऊ उशी डोक्याच्या वजनाने निम्म्यावर येऊ शकते.

इथे एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. अनेक जण दोन जाड उशा एकावर एक ठेवून झोपतात, त्यांची मान रात्रभर पुढे दुमडलेली राहते आणि अशा माणसाने उशी काढल्यावर त्याला खरोखर बरे वाटू शकते. त्याने उशी सोडली म्हणून हा फरक पडलेला नसतो. उंची कमी केली म्हणून पडलेला असतो. शिवाय जो पोटावर झोपणे सोडूच शकत नाही, त्याला उशी अगदी पातळ किंवा नसलेलीच बरी. त्या स्थितीत मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली असते हा त्रास मात्र उशी काढूनही जात नाही.

आता गादी. या प्रश्नावर एक चांगली चाचणी झालेली आहे आणि ती मजकुराच्या विरुद्ध जाते. स्पेनमध्ये कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले, एकाला कडक गादी दिली आणि दुसऱ्याला मध्यम कडक. कोणाकडे कोणती गादी आहे हे त्यांना सांगितले नव्हते. कडकपणा एक ते दहा अशा मापावर मोजला होता, ज्यात एक म्हणजे सर्वांत कडक आणि दहा म्हणजे सर्वांत मऊ. कडक गादी २.३ वर होती आणि मध्यम ५.६ वर. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणात पडल्यावर, सकाळी उठताना आणि दिवसाच्या कामांत कमी त्रास होत होता. हे निष्कर्ष २००३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सुधारणा दोन्ही गटांत झाली होती हेही सांगायला हवे, आणि ही चाचणी कमरेची होती, मानेची नव्हे. पण 'जितके कडक तितके चांगले' हे सूत्र तिच्यात टिकले नाही. फरशी तर त्या मापावरील कडक गादीच्याही पलीकडची.

कारण समजायला कठीण नाही. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कुल्ला थोडे रुतले तरच कमरेला गादीचा आधार मिळतो. फरशीवर ते रुतत नाहीत, वजन तेवढ्याच दोन ठिकाणी येते, ती ठणकू लागतात आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. उलट टोकाला, मधोमध खड्डा पडलेल्या जुन्या गादीत नितंब खाली जातात आणि कंबर वाकडी राहते. अशा गादीवरून उठून जमिनीवरच्या पातळ गादीवर झोपलेल्याला आराम पडतो आणि त्याचाच पुढे संदेश होतो. एवढे अर्धसत्य त्यात आहे. गादीवर आडवी काठी ठेवून तिच्याखाली खड्डा दिसतो का, हे पाहिले की बदलण्याची गरज आहे की नाही ते कळते.

उठल्याउठल्या वाकून अंगठे धरण्याचा सल्ला तर वेळेच्या दृष्टीनेच चुकीचा आहे. आडवे पडल्यावर मणक्यांमधील चकत्यांवरचा भार कमी होतो, त्या रात्रभर पाणी शोषून फुगतात आणि म्हणूनच आपण सकाळी सेंटीमीटरभर उंच असतो. फुगलेली चकती वाकायला कडक असते, त्यामुळे पुढे वाकताना तिच्यावर आणि भोवतालच्या बंधांवर दिवसाच्या इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. उठल्यावर हिंडूफिरू लागलो की वाढलेल्या उंचीतील मोठा भाग पहिल्या तासाभरातच उतरतो. सकाळची काही मिनिटे पाठ ताठ वाटणे हे बऱ्याच अंशी याचेच फळ आहे आणि ते जगातली कोणतीही गादी पूर्णपणे घालवणार नाही. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटून उठावे, थोडे चालावे आणि वाकण्याचे व्यायाम तासाभराने करावेत.

झोपण्याच्या स्थितीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. उताणे झोपताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेतली की कमरेवरचा पीळ कमी होतो. अमुक एकच स्थिती सर्वांना योग्य, असे कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याला आधार नाही.

'सात दिवसांत कायमचे बंद' या आश्वासनाचे खरे नुकसान मात्र वेगळ्याच माणसाचे होते. मजकूर पाठवणारा माझा मामेभाऊ एकतीस वर्षांचा आहे. त्याला जाब विचारायला फोन केला, तेव्हा त्याने सांगितले की त्याची स्वतःची कंबर आठ महिन्यांपासून रोज सकाळी दीड तास आखडलेली असते, पहाटे तीन-चारला दुखून जाग येते, पडून राहिले की वाढते आणि चालल्यावर कमी होते. तो दोन महिने फरशीवर झोपतो आहे. हे वर्णन गादीच्या दोषाचे नाही. चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेले, तीन महिन्यांहून अधिक टिकलेले, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त राहणारे आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने सुधारणारे आखडणे मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताचे असू शकते. त्याचे निदान अनेकदा वर्षानुवर्षे लांबते, आणि प्रत्येक नवी गादी, प्रत्येक नवी फरशी त्यात आणखी काही महिने घालते.

आईच्या मुंग्या उशी परत घेतल्यावर पाच दिवसांत थांबल्या, तरी डॉक्टरांनी तिची मान तपासली आणि हातातली ताकद कमी झाली, वस्तू हातून निसटू लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला तर लगेच यायला सांगितले. मामेभाऊ आधी म्हणत होता की आत्याला बरे वाटले ना, मग झाले. त्याला मी वरची चार लक्षणे लिहून पाठवली आणि त्याने संधिवाततज्ज्ञांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे.