एकूण शेअर किती, हे विचारू नका

तुमच्या हातात दोन पत्रं आहेत. एक ऐरोलीच्या जुन्या, कंटाळवाण्या कंपनीचं: वर्षाला 26 लाख, वेळेवर पगार, कँटीनमध्ये बुधवारी मिसळ. दुसरं पवईतल्या एका स्टार्टअपचं: 14 लाख आणि 5,000 ऑप्शन, म्हणजे कंपनीचे तेवढे शेअर पुढे आज ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क. अजिबात डगमगू नका, दुसरंच घ्या. ऐरोलीत शेवटी काय, पगार मिळतो. पवईत तुम्ही मालक होता.

हिशेब करायचाच असेल तर इथपर्यंतच करा. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत दोन्ही पगारांवरचा कर कापला की हातात पडणाऱ्या पैशांत वर्षाला सुमारे 9 लाख 30 हजारांचा फरक पडतो. म्हणजे महिन्याला 77 हजार. चार वर्षांत 37 लाख. पण हा खर्च नव्हे हो, ही गुंतवणूक! फरक एवढाच की म्युच्युअल फंडात पैसे घालताना लोक माहितीपत्रक मागतात. तुम्ही मागू नका, फाउंडरला वाईट वाटतं.

पार्ल्याचे काका मात्र मागतील. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, ऑफर लेटर चष्मा कपाळावर चढवून वाचणार आणि म्हणणार, "5,000 ठीक आहे रे, पण एकूण शेअर किती?" काकांना चहा द्या आणि विषय बदला. कारण या प्रश्नाला खरंच उत्तर असतं आणि ते ऐकलं की मजा जाते. कंपनीचे सगळे शेअर, सगळे वाटलेले आणि राखून ठेवलेले ऑप्शन धरून 10 लाख असतील, तर तुमचे 5,000 म्हणजे अर्धा टक्का. एक कोटी असतील, तर अर्ध्या टक्क्याचाही दहावा भाग. पत्र दोन्ही वेळेला तेवढंच जाडजूड आणि तेवढंच गुळगुळीत कागदावरचं.

समजा नशीब चांगलं आहे आणि तो अर्धा टक्का आहे. फाउंडर तुम्हाला फ्लिपकार्टची गोष्ट सांगेल. 2018 मध्ये वॉलमार्टने 16 अब्ज डॉलर मोजून 77 टक्के हिस्सा घेतला, हे खरंच आहे. मान डोलवा. मग गुंतवणुकीच्या फेऱ्या सुरू होतील. पहिल्या फेरीत 4 कोटी, दुसरीत 16, तिसरीत 40, आणि दर वेळी गुंतवणूकदारांना 20 टक्के. प्रत्येक फेरीत नवे शेअर निघतात, म्हणून तुमचा अर्धा टक्का तिसऱ्या फेरीनंतर पाव टक्क्याच्या जरा वर, 0.256 वर येतो. खंत नको. कंपनीची किंमत आता 200 कोटी आहे, म्हणजे कागदावर तुमचे 51 लाख झाले! ही बातमी आईला लगेच फोनवर सांगा. आई शेजारच्या काकूंना सांगेल, आणि डोंबिवलीत तुमच्यासाठी स्थळं येऊ लागतील. (गृहकर्जाला गेलात तर बँक सॅलरी स्लिप मागेल. तिथे 51 लाखांचा उल्लेख करून पाहा, अधिकाऱ्याचाही दिवस बरा जाईल.)

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तुम्हाला दुसरी नोकरी खुणावते. ऑप्शन चार वर्षांत, दर वर्षी पाव हिस्सा असे पिकतात, म्हणजे वापरता येतात; तुमची तीन वर्षं भरली, म्हणून 3,750 पिकलेत. ते कायमचे तुमचे, असं तुम्हाला वाटत असेल. ईसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्यांना ऑप्शन देण्याच्या योजनेचं, ते चाळीस पानी पीडीएफ उघडलंत तर दिसेल की नोकरी सोडल्यापासून 90 दिवसांत ऑप्शन वापरून शेअर घ्यायचे, नाहीतर ते परत कंपनीकडे. काही कंपन्यांत मुदत याहून कमी, थोड्यांत काही वर्षांची. सही करण्याआधी हे पान वाचणारे लोक असतात म्हणे. तुम्ही त्यांच्यातले नव्हे.

ऑप्शन वापरून शेअर घ्यायची ठरलेली किंमत 10 रुपये, म्हणजे 3,750 शेअरना 37,500 रुपये. एवढ्यात मालकी? थांबा, सरकारलाही आनंद झालाय. शेअर घेतला त्या दिवशी मर्चंट बँकरने त्याची किंमत समजा 800 रुपये ठरवली. तुम्ही दिले 10. प्रत्येक शेअरमागचे उरलेले 790 हे तुमचं पगारातलं उत्पन्न, एकूण सुमारे 29 लाख 60 हजार. त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर होतो साधारण 8 लाख 20 हजार. आणि हा कर शेअर विकल्यावर नाही, घेतल्यावर भरायचा. शेअर कुठे विकायचे, हे सरकार विचारत नाही आणि दलाल स्ट्रीटवर ते कुणी ओळखत नाही. कर पुढे ढकलायची सवलत आहे, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र मिळालेल्या पात्र स्टार्टअपपुरती. नुसती स्टार्टअप म्हणून सरकारी नोंद झालेली पुरत नाही. शिवाय नोकरी सोडली की सवलत संपते. तुम्ही तर सोडूनच निघालाय.

तरी भरा. मालक आहात.

वर्षभराने कंपनी विकली जाते, 80 कोटींना. लिंक्डइनवर फाउंडर "नवा प्रवास" वगैरे लिहील. तुम्ही 0.256 टक्क्याचा पाऊण भाग, म्हणजे 80 कोटींतले पंधरा लाख मोजायला घ्याल. मोजू नका. गुंतवणूकदारांकडे प्रेफरन्स शेअर असतात, आणि विक्रीत ते एकतर आपले घातलेले पैसे आधी काढून घेऊ शकतात, नाहीतर ते सोडून तुमच्यासारखा हिस्सा घेऊ शकतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीवाले आपले 56 कोटी घेऊन बाजूला होतात, कारण त्यांना हिश्शापेक्षा तेच जास्त पडतात. पहिल्या फेरीवाल्याला हिस्सा परवडतो, म्हणून तो तुमच्या रांगेत येतो. उरलेल्या 24 कोटींतून तुमच्या 3,750 शेअरच्या वाट्याला येतात सुमारे 7 लाख 20 हजार. कंपनी 56 कोटींच्या खाली गेली असती तर रांगेत उभं राहायचेही कष्ट वाचले असते. कंपनी शेअर बाजारात आली असती तर हे प्रेफरन्स शेअर आधी साधे झाले असते आणि गणित वेगळं निघालं असतं. पण ते "तर" फाउंडरच्या स्लाइडमध्ये होतं, विक्रीच्या करारात नाही.

म्हणजे खिशातून गेले 8 लाख 57 हजार आणि परत आले 7 लाख 20 हजार. तीन वर्षं कमी पगार घेतला, त्याचे 28 लाख वेगळे. काका आता बोलावून हे ऐकवतील, तेव्हा तुम्ही रागाने म्हणाल, "पण तोटा दाखवून कर परत मिळेल ना?"

तोटा आहे, आणि तो दणदणीत आहे. करखात्याच्या दृष्टीने तुम्ही शेअर 800 ला घेतले आणि 192 ला विकले, म्हणून जवळपास 22 लाख 80 हजारांचा भांडवली तोटा. तो पगारातून वजा होत नाही. फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो, आणि वेळेत विवरणपत्र भरलंत तर आठ वर्षं पुढे नेता येतो. तेव्हा आता तुम्हाला आठ वर्षांत घसघशीत भांडवली नफा हवा. ऐरोलीच्या पगारातून तो येत नाही. अंधेरीत एक नवी स्टार्टअप निघालीय, पगार 13 लाख, ऑप्शन मात्र 8,000. एकूण शेअर किती ते विचारू नका.