कोणाची जबाबदारी? आपली!

आमच्या भाजणी-मेतकुटाच्या उद्योगात तीन माणसे आहेत: भाजणारी आमची सौ., दुकानांत माल पोहोचवणारा मी आणि दळण व पाकिटे सांभाळणाऱ्या मावशी. कुणी कुणाचा साहेब नसल्यामुळे कुणाला कामाबद्दल बोलणी खावी लागत नाहीत, आणि बोलणी खावी लागत नसल्यामुळे काम कुठवर आले हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही मोठ्या कंपन्यांप्रमाणे तिमाहीची उद्दिष्टे ठरवायचे आणि दर महिन्याच्या पाच तारखेला, गॅस पेटवण्यापूर्वी, तासभर आढावा घ्यायचा असा निश्चय केला.

माझे पहिले उद्दिष्ट ‘विक्री दुप्पट’ असे होते. ते ऐकून सौ.ने दुप्पट भाजणी कोणत्या कढईत भाजायची एवढेच विचारले, आणि आमची कढई एकच असल्याने ते उद्दिष्ट तिथेच निकालात निघाले. मग जुनी वही काढली. जुलै ते सप्टेंबरची तुलना एप्रिल ते जूनशी करण्याचा मोह मी आवरला, कारण श्रावणातल्या उपवासाच्या भाजणीशी उन्हाळ्यातल्या खपाची बरोबरी करणे म्हणजे छत्र्यांचा धंदा मे महिन्यात जोखण्यासारखे आहे. आदल्या वर्षी याच तिमाहीत 2,40,000 रुपयांची विक्री झाली होती. त्यावर 30,000 वाढवून आम्ही 2,70,000 ठरवले. त्याचे तीन समान भागही केले नाहीत. जुलैला 70,000, श्रावणाच्या भरवशावर ऑगस्टला 1,10,000 आणि उरलेले 90,000 सप्टेंबरच्या माथी मारले.

साहेब नसण्यावर आम्ही असा तोडगा काढला, की सम महिन्यात सौ.ने अध्यक्षपद भूषवावे आणि विषम महिन्यात मी. अध्यक्षाने फक्त प्रश्न विचारायचे, समोरच्याने वही उघडून उत्तर द्यायचे. अशा रीतीने 5 ऑगस्टला, माझ्याच हाताने आखलेल्या नियमानुसार, मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. पण निर्धास्त होतो, कारण जुलैची विक्री 74,000 भरली होती.

“यातले गिऱ्हाइकाच्या घरी किती गेले?” अध्यक्षांनी विचारले.

हा प्रश्न अनपेक्षित होता. फोनवरून मागवणाऱ्यांना दिलेला 29,000 रुपयांचा माल रोखीचा होता. उरलेला 45,000 चा मी सहा दुकानांत परतीच्या बोलीवर ठेवला होता, आणि पिशवी रिकामी झाली म्हणजे विक्री झाली असा माझा हिशेब होता. त्याच दिवशी सहाही दुकाने पालथी घातली. तिथे 27,000 चा माल खपला होता, 12,000 चा फळीवर धूळ खात होता आणि 6,000 ची पाकिटे मुदत संपत आल्यामुळे दुकानदारांनी माझ्याच पिशवीत परत घातली. म्हणजे खरी विक्री 56,000 होती, आणि खपलेल्या 27,000 पैकीही हातात 15,000 च आले होते. उरलेल्या 12,000 साठी दुकानदारांनी ‘पुढच्या फेरीला बघू’ असे इतक्या आपुलकीने सांगितले, की मीच त्यांचे देणे लागतो असे मला वाटू लागले.

जुलैची 14,000 ची तूट ऑगस्टच्या आकड्यात घालावी, असे मी सुचवले. अध्यक्षांनी ते फेटाळले. महिन्याच्या डोक्यावर असा बोजा चढत गेला की सप्टेंबरचा आकडा कुणीही मनावर घेत नाही, हे त्यांना भिशीच्या अनुभवाने माहीत होते. आकड्याऐवजी काम बदलायचे ठरले. दुकानदाराने विकलेले पाकीटच विक्रीत धरायचे, जिथे माल हलत नाही ती दोन दुकाने सोडायची, आणि दर शनिवारी उरलेल्या चार दुकानांत जाऊन पाकिटे मोजायची व खपलेल्याचे पैसे मागायचे. विक्री आपल्या हातात नसते, शनिवारची फेरी असते. म्हणून आढाव्यात आधी फेऱ्या मोजायच्या आणि मग रुपये.

खरी पंचाईत ‘कोणी करायचे’ या रकान्यात होती. पहिल्या महिन्यात मी तिथे सगळीकडे ‘आपण’ असे लिहिले होते. मराठीतला हा शब्द मोठा सोज्वळ आहे: बोलणाऱ्याला त्यात ऐकणारा दिसतो, ऐकणाऱ्याला बोलणारा, आणि वसुलीला कुणीच जात नाही. मावशींनी तर तो आदरार्थी घेतला आणि मालकच जाणार असे समजून त्या पाकिटे चिकटवत बसल्या. म्हणून ऑगस्टपासून ‘आपण’ला वहीत बंदी घातली.

5 सप्टेंबरला अध्यक्ष मी होतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारची फेरी झालीच नव्हती. मी करड्या आवाजात वही पुढे सरकवली. रकान्यात स्पष्टपणे ‘मी’ असे लिहिलेले होते.

“हा ‘मी’ तुमचा की माझा?” सौ.ने विचारले. सगळी वही माझ्याच हस्ताक्षरात असल्यामुळे यावर मला उत्तर सुचले नाही.

हल्ली आम्ही त्या रकान्यात नावाचे पहिले अक्षर लिहितो. आम्हा दोघांचीही नावे ‘स’ने सुरू होतात, हे 5 ऑक्टोबरच्या आढाव्यात लक्षात आले.