पंधराशे रुपये घेऊन असलं पत्र?

आज मावसबहिणीने तिचं अपील वाचायला पाठवलं आणि डोकंच फिरलं. ती कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकते. रिटर्न फार येतात म्हणून तिचं सेलर अकाउंट सस्पेंड झालंय. कुणा सल्लागाराने १५०० रुपये घेऊन तिला पत्र लिहून दिलं: झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत, ग्राहक आमचं दैवत आहे, पुन्हा तक्रार येणार नाही. चप्पल हा शब्दसुद्धा नाही त्यात! हेच पत्र तो साडीवाल्यालाही विकत असणार. अपील नामंजूर झालं. होणारच.

अरे, वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात. रिटर्न का आले, त्यावर तुम्ही काय केलंत, आणि पुन्हा येऊ नयेत म्हणून काय बदललंत. माफी मागून यातलं एकही कळत नाही.

दुपारी आम्ही दोघी रिटर्नचा रिपोर्ट उघडून बसलो. पार्सल न स्वीकारता दारातूनच परत पाठवलेली, म्हणजे आरटीओ, आधी बाजूला काढली. पायात घालून बघून परत केलेले ४६ जोड उरले, २०० ऑर्डरींमागे. त्यातले ३१ एकाच डिझाइनचे, आणि बहुतेकांचं कारण ‘साइज लहान’. त्या डिझाइनच्या ऑर्डरी ६०च होत्या. म्हणजे बाकीच्या १४० ऑर्डरींत रिटर्न फक्त १५! तिने परत आलेला सात नंबर आणि घरातला जुना सात नंबर तळाला तळ लावून धरला. नवा अर्धा सेंटीमीटर आखूड. कारागीर बदलला होता, त्याचा साचाच लहान. कोल्हापुरी पहिले काही दिवस कानापाशी आवळतेच, त्यात हे. आणि लिस्टिंगवर नुसते नंबर, पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये कुठेच नाही.

घेणाऱ्यांचं चुकलं नाही, मान्य. पायात न शिरणारी चप्पल कोण ठेवून घेईल? म्हणूनच पत्रात ग्राहकावर खापर फोडायचं नाही, हे तिला बजावलं. तिला तो मोह फार होत होता, बिचारीला.

पण कंपनीचा राग येतो तो येतोच. ३१ रिटर्न एकाच डिझाइनवर दिसत असताना ते एक लिस्टिंग बंद करता आलं असतं की! अख्खं दुकान कशाला? विकलेल्या मालाचे पैसेही अडकवून ठेवलेत, आणि कारागिराला तर द्यावेच लागतात. बाई रात्री झोपत नाहीये.

नवं पत्र एका पानात बसलं. ते डिझाइन यादीतून काढलं, तारखेसह. उरलेला माल कारागिराला परत, त्याची पावती जोडली. दोन्ही तळांचा टेप लावलेला फोटो. प्रत्येक लिस्टिंगवर पायाची लांबी आणि ‘सुरुवातीला घट्ट बसते’ ही ओळ. नवा लॉट आला की प्रत्येक नंबरचा एक जोड मोजल्याशिवाय पॅकिंग नाही. ‘दैवत’ वगैरे सगळं खोडलं.

संध्याकाळी पाठवलंय. तुमच्यापैकी कुणाचं अकाउंट असं बंद झालं असेल तर पत्र विकत घेऊ नका, आधी तो रिपोर्ट उघडा. वाचता येत नसेल तर मला मेसेज करा, मी बसते तुमच्याबरोबर.